मोळी दिसली, आणि लिहिलं ‘टॉक्सिक’

*मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी लॅबमध्ये सहा वर्षांपासून टेक्निशियन आहे. पॅथॉलॉजिस्ट सर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस स्लाइड मीच पाहते. सोमवारी दोन सॅम्पल आली. पहिलं साठीच्या एका शेतकरी काकांचं. डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ३४,६००. मशीनने ‘ब्लास्ट?’ असा इशारा छापला, तो कागद घरच्यांच्या हाती लागला आणि रडारड सुरू झाली. दुसरं २६ वर्षांच्या बाईचं. हिमोग्लोबिन ६.४, डब्ल्यूबीसी २,३००, प्लेटलेट १८,०००. हिरड्यांतून रक्त, पाळी नऊ दिवस थांबलेली नाही. डेंगूचं कार्ड निगेटिव्ह आलं, तरी डॉक्टर डेंगूच म्हणत होते. तिच्या स्लाइडवर दाण्यांनी गच्च भरलेल्या मोठ्या पेशी होत्या आणि दोन-तीन पेशींत काड्यांसारखं काहीतरी. मी मालकांना म्हटलं, आवर रॉड वाटतात. ते म्हणाले, ‘कॅन्सर लिहिणारे आपण कोण? लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्युलेशन लिही. इन्फेक्शन लिहिलं की कोणाचं काही बिघडत नाही.’ मी तसंच लिहिलं. तेव्हापासून झोप नाही. दोन्ही स्लाइडचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवते आहे. मी काय लिहायला हवं होतं? पुन्हा असं दिसलं तर काय करू?*

ताई, तुमचे फोटो गुरुवारी दुपारी उघडले आणि उत्तर लिहायला न बसता आधी तुम्हाला फोन केला, ते तुम्हाला आठवतच असेल. इतर वाचकांसाठी सांगते, त्या बाईला त्याच संध्याकाळी तालुक्याहून हलवलं. ती आता नागपुरात आहे आणि तिचे उपचार सुरू झाले आहेत. म्हणून हे उत्तर जरा सवडीने लिहिते आहे.

तुमच्या मालकांचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. इन्फेक्शन लिहिलं की कोणाचं बिघडत नाही, असं त्यांना वाटतं, आणि ते एकटेच नाहीत. मोठा आकडा म्हणजे मोठा आजार, दाणेदार पेशी म्हणजे जंतू, आणि काही कळलं नाही की ‘टॉक्सिक’ लिहून मोकळं व्हायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तुमच्या दोन स्लाइडनी नेमकं याचं उलटं दाखवलं. ३४,६०० वाल्या काकांना साधा, पण जोराचा संसर्ग होता. जिवावरचा आजार होता तो २,३०० वालीला.

काकांची स्लाइड आधी घेऊ, कारण ती कळली की दुसरी आपोआप उलगडते. फोनवर तुम्ही सांगितलं की त्यांना साखर आहे, आणि शेतात पऱ्हाटीचं खुंट पायात घुसून आठ दिवस झाले होते. पाय घोट्यापर्यंत सुजला होता. तुम्ही शंभर पेशी मोजल्या त्या अशा: पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल ६२, बँड १७, मेटामायलोसाइट ७, मायलोसाइट ३, लिम्फोसाइट ८, मोनोसाइट ३. ब्लास्ट एकही नाही. मोजणी चोख आहे.

हे आकडे जिन्यासारखे वाचा. न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी. ती अस्थिमज्जेत जन्मते तेव्हा ब्लास्ट असते, मग प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, आणि शेवटी केंद्रकाचे तीन-चार खंड पडलेली प्रौढ पेशी. एरवी रक्तात प्रौढच दिसतात, बँड शंभरात फार तर चार-पाच. पायात जंतू माजले की मज्जेला सांगावा जातो आणि ती गोदामातला माल कच्चा असला तरी बाहेर पाठवते. आधी बँड, मग मेटामायलोसाइट, फारच ओढ लागली तर मायलोसाइट. जुन्या तक्त्यांत कोवळ्या पेशी डावीकडे लिहायचे, म्हणून याला लेफ्ट शिफ्ट म्हणतात. काकांच्या मोजणीत हा जिना कुठेच तुटलेला नाही. ६२, १७, ७, ३. प्रौढ सर्वांत जास्त, आणि जितकी कोवळी तितकी कमी. कामाच्या घाईत असलेली मज्जा अशीच दिसते.

मशीनने मग ब्लास्ट का छापलं? मशीन पेशी ओळखत नाही. ती पेशीचा आकार आणि पोटातला गुंता मोजते. मोठी, कोवळी पेशी दिसली की एखादी नेहमीच्या चौकटीबाहेर पडते आणि मशीन शंका घेते. तो इशारा वाचायचा असतो तुम्ही, स्लाइड घालण्यासाठी. घरच्यांच्या हाती द्यायचा नसतो. मशीनचा कच्चा कागद काउंटरवरून बाहेर जाणं बंद करा, निम्मी रडारड तिथेच थांबेल.

आता दाणे. काकांच्या फोटोंत प्रौढ न्यूट्रोफिलच्या अंगात जाडसर, गडद जांभळे दाणे आहेत, काळी मोहरी विखुरल्यासारखे. काही पेशींच्या कडेला फिकट निळसर डाग आहेत, त्या डोले बॉडी. एका पेशीत दोन-तीन स्वच्छ पोकळ्याही आहेत. प्रोमायलोसाइट अवस्थेत प्रत्येक पेशी हे पहिले, प्राथमिक दाणे बनवते. पुढे वाढताना ते वाटले जातात, त्यांचा रंग घेण्याचा गुण जातो, आणि प्रौढ पेशीत ते दिसेनासे होतात. संसर्गात आठवड्याहून जास्त लागणारा हा प्रवास घाईघाईत उरकला जातो, आणि दाणे गडदच राहतात. म्हणजे टॉक्सिक ग्रॅन्युलेशन हे विष नव्हे आणि जंतूही नव्हेत. दाणे पेशीचे स्वतःचेच असतात, फक्त अवेळी दिसतात. त्यावरून शरीर जोरात झुंजतं आहे एवढं कळतं. जंतू कोणता, ते कळत नाही. भाजलेल्या माणसात, मोठ्या ऑपरेशननंतर, गरोदरपणात, आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन घेतलेल्यांतही ते दिसतात. तिथे ‘संसर्ग आहे’ असं ठोकून लिहाल तर चुकाल.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. तुम्ही राहता तो खारपाणपट्टा. माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं मी त्याच पट्ट्यात काढली, आणि एका महिन्यात दर दुसऱ्या माणसाला टॉक्सिक ग्रॅन्युलेशन असल्याचं लिहिलं. तालुक्यात साथ आली की काय म्हणून आरोग्य खात्याला पत्र पाठवायच्या बेतात होते. मग एका दुपारी आमच्या शिपायाच्या रक्ताची स्लाइड केली. गडी ठणठणीत, तरी टॉक्सिक! डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि पोरगं महिनाभर स्लाइड रंगवायचा लीशमन रंग बोअरच्या पाण्याने पातळ करत होतं. क्षाराच्या पाण्यात लीशमन निळ्याकडे झुकतो आणि साधे दाणेही भडक दिसतात.

ओळखायचं कसं? आधी लाल पेशी पाहा. त्या फिकट गुलाबी असाव्यात. राखाडी-निळ्या दिसल्या तर पाणी चुकलं आहे, आणि त्या दिवशी ‘टॉक्सिक’ हा शब्द कोणाच्याही कागदावर लिहू नका. नियम साधा आहे. निव्वळ लीशमन दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी, पीएच ६.८, घालून आठ ते दहा मिनिटं. बफरच्या गोळ्या स्वस्त मिळतात. दुसरी खोट शिळ्या सॅम्पलची. ईडीटीएच्या बाटलीत रक्त चार-सहा तास पडून राहिलं, तेही विदर्भाच्या मे महिन्यात, की पेशींत आपोआप पोकळ्या पडतात. स्लाइड शक्यतो दोन तासांच्या आत ओढा. काकांच्या स्लाइडवर लाल पेशी गुलाबी आहेत आणि सॅम्पल ताजं होतं, म्हणून तिथले दाणे खरे.

आता त्या बाईचे फोटो.

तुमच्या सात फोटोंत मिळून मला ३४ पांढऱ्या पेशी मोजता आल्या. त्यांतल्या २२ एकाच जातीच्या. मोठ्या, दाण्यांनी इतक्या भरलेल्या की काहींत केंद्रकाची कडही हरवली आहे. उरलेल्या १२ पैकी नऊ लिम्फोसाइट आणि तीन प्रौढ न्यूट्रोफिल. बँड एकही नाही, मेटामायलोसाइट नाही, मायलोसाइट नाही. इथे जिना मधेच तुटला आहे. वर तीन पेशी, खाली बावीस, आणि मधल्या पायऱ्याच गायब. नुसत्या घाईने असं होत नाही. पेशींनी एका पायरीवर वाढणंच सोडून दिलं की असं होतं. तुम्ही ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिलंत ते इथेच चुकलं. डावीकडे कोवळ्या पेशी आहेत हे खरं, पण शिफ्ट म्हणायला मधली माणसं लागतात.

आणि ‘टॉक्सिक’ का नाही? दाणे तर तेच आहेत! खरोखर तेच, प्राथमिक दाणे. गोंधळ होतो तो याच नात्यामुळे. म्हणून दाण्यांकडे नंतर पाहायचं, आधी केंद्रक. काकांच्या पेशींत केंद्रक घट्ट, गडद, गाठी-गाठींचं आणि खंड पडलेलं आहे. पेशी प्रौढ आहे, अंगावर दाणे जास्त आहेत इतकंच. बाईच्या पेशींत केंद्रक मोठं, मऊ, विरविरीत जाळीचं, आणि कित्येकींत मधोमध चिमटलेलं आहे, भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखं. दोन पेशींत आतला न्यूक्लिओलसही दिसतो. पेशी कोवळी आहे आणि दाण्यांनी ओथंबली आहे. त्यात भर म्हणजे मशीनने या पेशी न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटच्या रकान्यांत वाटून टाकल्या. स्लाइड घातली नसती तर कागदावर ‘पेशी कमी, प्लेटलेट कमी’ एवढंच उरलं असतं. डेंगूसारखंच की!

तुमच्या पाचव्या फोटोपाशी मी खूप वेळ थांबले. उजव्या कोपऱ्यातल्या पेशीत सात-आठ बारीक, लालसर-जांभळ्या काड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या आहेत. बांधावर पऱ्हाट्यांची मोळी टाकून ठेवलेली असते, अगदी तशी. इंग्रजी पुस्तकांतलं या पेशीचं नावही लाकडाच्या मोळीवरूनच आलेलं आहे. यांतली प्रत्येक काडी म्हणजे आवर रॉड. तेच प्राथमिक दाणे एकमेकांत मिसळून सुईसारखे घट्ट झाले की काडी बनते. जॉन आवर यांनी १९०६ साली या काड्यांचं वर्णन छापलं, तेव्हा त्या मोठ्या लिम्फोसाइटमध्ये आहेत असं त्यांनाही वाटलं होतं. ज्यांच्या नावाने काडी ओळखली जाते त्यांचीसुद्धा पेशी चुकली, तेव्हा तुम्ही स्वतःला फार छळू नका.

काडी कुठे दिसत नाही, हे आधी लक्षात ठेवा. संसर्ग कितीही भयंकर असो, त्यात आवर रॉड दिसत नाही. लिम्फोसाइटच्या ल्युकेमियातही दिसत नाही. पेशीत खरी काडी दिसली की प्रश्न मायलॉइड जातीच्या रक्ताच्या कर्करोगाचा, किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या मज्जेच्या आजाराचा असतो. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. अशा ल्युकेमियाच्या पुष्कळ रुग्णांत काडी सापडतच नाही, म्हणून ‘काडी नाही, म्हणजे कर्करोग नाही’ असं कधी लिहू नका. एखाद्या ब्लास्टमध्ये एकच काडी असली तर मायलॉइड जातीचा आजार म्हणता येतो, पण कोणत्या प्रकारचा ते सांगता येत नाही. मोळी दिसली, तीही दाण्यांनी भरलेल्या, चिमटलेल्या केंद्रकाच्या पेशीत, तर मात्र मनात पहिलं नाव एकच यावं: अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल.

काडी खोटीही असते. रंगाचा साका पेशीवर बसला की हुबेहूब सुईसारखा दिसतो. तेलाच्या लेन्सखाली बारीक स्क्रू किंचित फिरवा. साका पेशीच्या वर तरंगतो, त्यामुळे पेशी स्पष्ट असताना तो धूसर होतो आणि तो स्पष्ट झाला की पेशी धूसर होते. शिवाय साका रिकाम्या जागेतही सांडलेला असतो. खरी काडी पेशीच्या पोटात, पेशीबरोबरच स्पष्ट होते, आणि पेशीबाहेर कुठे नसते. तुमच्या फोटोत बाहेरची जागा स्वच्छ आहे. पेशी इतक्या कमी असतात तेव्हा स्लाइडच्या मधोमध शोधत बसू नका. मोठ्या पेशी पसरणाच्या कडांना आणि शेपटीकडे ढकलल्या जातात, तिथून सुरुवात करा. तरी मिळाल्या नाहीत तर बाटली फिरवून लाल थरावरची पांढरी साय घ्या आणि तिची स्लाइड ओढा.

तुम्ही विचारता, काय लिहायला हवं होतं. या प्रश्नातच एक गृहीत आहे, की तुमच्यापुढे दोनच वाटा होत्या: ‘कॅन्सर’ लिहायचं, नाहीतर ‘इन्फेक्शन’. मालकांनी पहिलं नाकारलं म्हणून तुम्ही दुसरं लिहिलं. पण ‘टॉक्सिक ग्रॅन्युलेशन’ हा काही निरुपद्रवी शब्द नाही, तोही आजाराकडे बोट दाखवतोच. कर्करोग लिहिणारे आपण कोण, हा त्यांचा प्रश्न मला मान्य आहे. मग संसर्ग लिहिणारे आपण कोण? तो कागद वाचून कोणी अँटिबायोटिक बदललं असतं, कोणी चार दिवस थांबू म्हटलं असतं, आणि तिला चार दिवस नव्हते.

तिसरी वाट नेहमीच असते. दिसलं ते लिहायचं, नाव दुसऱ्याला ठेवू द्यायचं. तिच्या कागदावर एवढं चाललं असतं: ‘दाण्यांनी भरलेल्या असामान्य अपक्व पेशी बऱ्याच प्रमाणात, काही पेशींत काड्यांसारखी रचना, मधल्या अवस्थांच्या पेशी दिसत नाहीत. प्लेटलेट स्लाइडवरही कमी. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड तातडीने पाहावी.’ यात रोगाचं नाव नाही आणि खोटंही काही नाही. काकांच्या कागदावर: ‘न्यूट्रोफिल वाढलेले, मायलोसाइटपर्यंत लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्युलेशन, डोले बॉडी. ब्लास्ट दिसले नाहीत.’ त्यातलं शेवटचं वाक्य त्या घराला सोमवारी रात्री झोपू देणारं होतं.

आणि कागदाच्या आधी फोन. सर आठवड्यातून दोनदाच येतात ना? पण फोन त्यांच्या खिशात रोज असतो. आयपीसला मोबाइल टेकवून काढलेले तुमचे फोटो मला पुरले, तसे त्यांनाही पुरले असते. रुग्णाचं नाव झाका, वय, लक्षणं आणि तीन आकडे लिहा, आणि पाठवा. अहवालावर सही त्यांची असते, तेव्हा असा फोन घेणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. सर लागले नाहीत तर थेट पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ‘साहेब, पेशी साध्या वाटत नाहीत, डेंगू समजून थांबू नका’, एवढं वाक्य टेक्निशियन बोलू शकते. डेंगूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात हे खरं, पण डेंगूत रक्त बहुधा घट्ट होतं, हिमोग्लोबिन ६.४ वर येत नाही. रक्तस्राव झाला म्हणून उतरलं म्हणाल, तर इतका का झाला, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर त्या दाण्यांतच आहे, आणि म्हणूनच मी इतकी घाई केली. एपीएलच्या पेशी आपल्या आतला ऐवज रक्तात सोडतात, आणि त्याने गोठण्याची यंत्रणा दोन्हीकडून बिघडते. नसांत बारीक गुठळ्या होत राहतात, गोठण्याचा सगळा माल त्यांत खर्च होतो, आणि दुसरीकडे झालेल्या गुठळ्याही विरघळत जातात. हिरड्या, पाळी, अंगावरचे निळे डाग, आणि अचानक मेंदूत. या आजारात लोक जातात ते बहुतेक पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने, अनेकदा निदान कागदावर यायच्या आधी.

दुसरी बाजू अशी की पहिले दिवस निभावले तर सगळ्या अॅक्यूट ल्युकेमियांत सर्वाधिक बरा होणारा हाच. क्रोमोसोम १५ आणि १७ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पेशींची वाढ अडते. अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार असलेली गोळी, एटीआरए, ती अडलेली वाढ पुन्हा सुरू करते. सोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात. हो, सोमल! इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात, निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेल्या रुग्णांत या जोडीवर दोन वर्षांनी शंभरातले ९७ रोग न उलटता जिवंत होते. तिच्या पेशी २,३०० आहेत, म्हणजे ती याच गटात मोडते. जनुकांच्या चाचणीचा निकाल यायला काही दिवस लागतात, पण एटीआरए त्यासाठी अडवत नाहीत. स्लाइडवरून शंका आली की गोळी सुरू होते, आणि चाचणी नकारार्थी आली तर बंद होते. स्लाइडवरच्या एका वाक्यावर औषध सुरू होतं असे आजार फार थोडे आहेत.

तालुक्याला गोळी मिळत नाही, म्हणून तिथे करायचं ते वेगळं. मी तुम्हाला आणि तुमच्याकडून त्या डॉक्टरांना तेच सांगितलं. दंडात, कमरेत सुई टोचायची नाही. आपल्याकडे ताप म्हटलं की सुई हवीच असते, आणि अशा माणसाच्या स्नायूत रक्त साठत जातं. डायक्लोफेनॅक नाही, अॅस्पिरिन नाही, ताप-दुखीला पॅरासिटामॉल. निळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त घेऊन पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या चाचण्या करता आल्या तर करा, पण त्यासाठी गाडी थांबवू नका. जिथे प्लेटलेट, प्लाझ्मा, क्रायोप्रेसिपिटेट आणि रक्तविकाराचे डॉक्टर आहेत तिथे आधी फोन करून पाठवायचं. एपीएलची शंका आहे हे ऐकल्यावर तिथले डॉक्टर प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर ठेवायच्या मागे लागतात. सोबत रेशनकार्ड आणि आधार द्या, महात्मा फुले योजनेचा अर्ज तिथे भरावा लागतो. तिच्या नवऱ्याने फोनवर मला विचारलं, ‘डाक्टरीनबाई, उद्या सकाळी नेलं तं नाही का चालनार? आज कापसाचा काटा हाये.’ मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. तुमच्या घरच्या कागदावर नुसतं ‘लेफ्ट शिफ्ट’ किंवा ‘टॉक्सिक ग्रॅन्युलेशन’ असेल तर तो कर्करोग नव्हे. ताप, जखम, न्यूमोनिया, बाळंतपण, यांपैकी काही चालू आहे का ते डॉक्टरांना दाखवा. पांढऱ्या पेशी फार कमी असूनही लेफ्ट शिफ्ट असेल तर जास्त काळजीचं, कारण गोदाम रिकामं होत आलं आहे. तिथे दवाखान्यात भरती व्हायला वेळ लावू नका. आणि संसर्ग उतरल्यावरही कोवळ्या पेशी तशाच राहिल्या, प्लीहा वाढली, बेसोफिल वाढले, दाणे मात्र साधेच, तर वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या ल्युकेमियाची चाचणी करायला हवी. तो विषय पुन्हा कधी.

तुमच्या मालकांशी भांडू नका, ताई. त्यांना भीती आहे ती ‘लॅबने उगाच कॅन्सर सांगितला’ या बोभाट्याची, आणि गावात ती खोटी नाही. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागून घ्या. बफरच्या गोळ्या, आणि मशीनने इशारा दिलेला किंवा प्लेटलेट ५० हजारांखालचा कोणताही कागद सरांनी फोटो पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, ही मुभा. आधीचा कागद गुपचूप बदलू नका. सुधारित अहवाल तारीख आणि वेळ घालून द्या, सरांच्या सहीने, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना तसं कळवा.

आणि त्या बाईची स्लाइड पुसू नका. तेल झायलॉलने नाही, टिपकागदाने हलकेच टिपा, नंबर घाला, उभी ठेवून वाळवा आणि बंद डबीत ठेवा. उरलेल्या रक्ताच्या दोन स्लाइड ओढल्या असतील तर त्या न रंगवता तशाच राहू द्या. नागपूरहून मागणी येईल, बहुधा या आठवड्यातच.